वर्गमित्राची साखर कमी होते तेव्हा

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते इंजेक्शनने किंवा पंपाने बाहेरून द्यावे लागते. एकदा टोचलेले इन्सुलिन आपले काम करतच राहते. मूल डबा अर्धवट टाकून खेळायला पळाले तरी रक्तातली साखर उतरत जाते. ती डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की त्याला ‘साखर कमी होणे’ म्हणतात आणि तिथूनच उपचार सुरू करायचे असतात. वर्गात असे मूल असेल, तर त्याच्या आईवडिलांच्या संमतीने वर्गशिक्षक पालकसभेत हा विषय मांडतात. फळ्याकडे तोंड असलेल्या बाईंच्या आधी बाकावर शेजारी बसलेल्या मुलाला बदल दिसतो. त्या मुलाला काय करायचे ते ठाऊक हवे, आणि ते त्याला घरून समजायला हवे.

लक्षणे दोन टप्प्यांत येतात. साखर उतरू लागली की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडते. त्यामुळे हात थरथरतात, थंड घाम येतो, छाती धडधडते, चेहरा पांढरा पडतो, कडकडून भूक लागते. साखर आणखी उतरली की मेंदूला इंधन कमी पडते. मग मूल विनाकारण चिडते किंवा रडते, विचारले एक तर सांगते भलतेच, त्याचे अक्षर वेडेवाकडे होते, ते बाकावर डोके टेकून बसते. हा दुसरा टप्पा हट्ट किंवा आळस समजला जातो आणि मोलाची मिनिटे वाया जातात. या अवस्थेत मूल ‘मला काही झालं नाही’ असेही म्हणते. त्याच्या शब्दावर विसंबून राहू नये.

उदाहरणार्थ, पाचवीतला ३० किलो वजनाचा एक मुलगा. सकाळी इन्सुलिन घेऊन, न्याहारी करून तो शाळेत येतो. मधल्या सुट्टीच्या आधी पीटीचा तास असतो आणि तो कबड्डी खेळतो. वर्गात परतल्यावर त्याच्या हातातली पेन्सिल सारखी निसटते, पंखा चालू असूनही कपाळावर घाम असतो. शेजारचा मुलगा लगेच बाईंना हाक मारतो. त्याला एकट्याला ऑफिसात पाठवले जात नाही, कारण जिन्यातच तो पडू शकतो. बाई त्याला जागेवरच बसवतात. ग्लुकोमीटर ५८ दाखवतो. दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम, साखर थोड्या पाण्यात ढवळून त्याला पाजली जाते. मोठ्या मुलाला तीन चमचे लागतात. १५ मिनिटांनी पुन्हा तपासल्यावर आकडा ८४ येतो. तो ७० च्या खालीच राहिला असता, तर तेवढेच साखरपाणी पुन्हा दिले असते. मग तो डबा खातो, कारण साखरपाण्याचा परिणाम फार वेळ टिकत नाही. वेळ आणि दोन्ही आकडे घरी कळवले जातात. भरपूर खेळ झाल्यावर त्याच रात्रीही साखर उतरू शकते, म्हणून आईवडिलांना ते ठाऊक असावे लागते.

जवळ मीटर नसेल तर थांबू नये, लक्षणे दिसताच साखर द्यावी. साखर कमी नव्हतीच असे नंतर कळले, तरी दोन चमच्यांनी ती थोडी वाढते, एवढेच. खरोखर कमी असताना न दिल्यास फिट येऊ शकते. चॉकलेट यासाठी उपयोगी नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश पोहोचते. ‘शुगर फ्री’ पेयात तर साखर नसतेच.

मूल बेशुद्ध असेल, त्याला फिट येत असेल किंवा घोट गिळता येत नसेल, तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाला कुशीवर वळवावे आणि महाराष्ट्रात १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ग्लुकागॉनचे इंजेक्शन शाळेत ठेवलेले असेल, तर ते कसे द्यायचे हे शिकलेल्या मोठ्या माणसाने द्यावे. इन्सुलिन अशा वेळी मुळीच देऊ नये, त्याने साखर आणखी उतरते.

मुलांनी घरी ऐकलेले असते, ‘त्याला डायबेटीस आहे, त्याला गोड द्यायचं नाही.’ नेमक्या गरजेच्या वेळी हेच वाक्य मुलांचा हात मागे ओढते. म्हणून पालकांनी आपल्या मुलाला तीन गोष्टी सांगाव्यात: मित्र थरथरत, घामाघूम किंवा गोंधळलेला दिसला तर लगेच बाईंना किंवा सरांना हाक मार, त्याला एकटे सोडू नकोस, त्याने दप्तरातली ग्लुकोजची पुडी काढली तर हिसकावू नकोस, ते त्याचे औषध आहे.