आभाराची दोन मिनिटं
समजा, एका सहकारी बँकेची जुनी संगणकप्रणाली बदलताना टेस्टिंगवाले आणि प्रोग्रामर यांच्यात बोलणंच बंद झालं. काम संपल्यावर मॅनेजर ‘आपण सगळे एक कुटुंब’ म्हणाला, तर लोक मनातल्या मनात हसतात. त्यापेक्षा असं बोलावं: “व्याजाच्या हिशेबातली चूक टेस्टिंगनं शनिवारी रात्री पकडली, प्रोग्रामरांनी पहाटेपर्यंत दुरुस्त केली. मधल्या काळात आवाज चढले. तारीख मी आधीच पुढे ढकलून घ्यायला हवी होती. ते माझ्याकडून राहिलं. पुढच्या आठवड्यात आळीपाळीनं सगळ्यांना दोन-दोन दिवस सुट्टी.” काम नेमकं सांगावं, कोण चुकलं याचा निवाडा मात्र सभेत नको, तो बंद दाराआड. आणि ती सुट्टी त्याच दिवशी लेखी मंजूर करावी, नाहीतर भाषण फुकट.