पान उघडतंय, मग जाहिरात का बंद?

आंबाविक्रेत्याच्या गूगल जाहिराती ऐन हंगामात थांबतात. खात्यात शेरा दिसतो: "Destination not working". विक्रेता फोनवर पान उघडून पाहतो, तर ते व्यवस्थित चालतं! अशा वेळी एजन्सीने पाठवलेल्या निरोपात पहिलं वाक्य हे हवं: तुमचं खातं बंद झालेलं नाही, फक्त जाहिराती नामंजूर झाल्या आहेत.

मग कारण. जाहिरात ज्या पानावर नेते, ते गूगलचा AdsBot-Google हा यांत्रिक तपासनीस उघडून पाहतो. नव्याने बसवलेल्या सुरक्षा-प्रणालीने त्यालाच घुसखोर समजून अडवलं, तर त्याला पानाऐवजी 403 ही नकाराची खूण मिळते. सर्व्हरच्या नोंदींत त्याच्या नावापुढे 403 दिसला, की चोर सापडला. जाहिरातीचा मजकूर बदलून इथे काही साधत नाही.

पुढे काय, तेही स्पष्ट लिहावं. वेबसाइट सांभाळणारा त्या तपासनिसाला वाट मोकळी करून देईल, त्यानंतरच आम्ही फेरतपासणी मागू. निर्णय बहुधा कामाच्या एका दिवसात येतो, कधी जास्त लागतो. म्हणून नेमक्या तारखेचं वचन देऊ नये. तोवर या जाहिरातींवर नवा खर्च होत नाही, मात्र ऑर्डरीही येत नाहीत.