किती शेअर घ्यायचे, हे शेवटी ठरवा

शेअर बाजारात नव्याने सौदे करणाऱ्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी शेअर निवडायचा, मग खात्यात पैसे किती आहेत ते बघून ५०० किंवा १,००० असा एखादा गोल आकडा टाकायचा आणि खरेदी झाल्यावर, 'दहा हजारांच्या वर तोटा नको' म्हणत त्या हिशेबाने स्टॉप लॉस लावायचा. या क्रमात स्टॉप लॉसची जागा आपल्या खिशावरून ठरते. पण आपण कोणत्या भावाला घेतले आणि आपल्याला किती तोटा सोसतो, याची बाजाराला काहीच खबर नसते. म्हणून असा स्टॉप वारंवार लागतो आणि मग लोक म्हणतात, 'स्टॉप लॉस लावला की तो नेमका मारतातच.'

हा क्रम उलटा करणे, हेच एका सौद्यातली जोखीम आवरण्याचे मुख्य सूत्र आहे. आपला अंदाज कोणत्या भावाला चुकीचा ठरेल, हा पहिला प्रश्न. तो चुकला तर भांडवलातले किती रुपये जाऊ द्यायचे, हा दुसरा. किती शेअर घ्यायचे हा तिसरा, आणि त्याचे उत्तर पहिल्या दोन उत्तरांच्या भागाकारातून आपोआप येते. संख्या ठरवण्याच्या या रीतीला 'पोझिशन सायझिंग' म्हणतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. खात्यात ५ लाख रुपये आहेत. एका सौद्यात जास्तीत जास्त १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये गमवायची तयारी आहे. काही दिवस खाली येऊन पुन्हा वर वळलेला एक शेअर ६४० रुपयांना घ्यायचा आहे. घसरणीत त्याने ६१२ रुपयांचा तळ केला आणि तिथून तो सावरला. आपला अंदाज या तळावर उभा आहे. भाव ६१२ च्या खाली टिकला, तर 'घसरण संपली' हे आपले म्हणणेच खोटे ठरते. म्हणून स्टॉपची जागा या तळाच्या खाली हवी.

पण किती खाली? नेमका ६१२ वर स्टॉप ठेवणे धोक्याचे, कारण तो तळ सगळ्यांनाच दिसतो आणि भाव अशा पातळीच्या दोन-चार रुपये खाली डोकावून परत येणे रोजचेच आहे. इथे 'एटीआर' उपयोगी पडतो. एटीआर म्हणजे शेअर एका दिवसात सरासरी किती रुपये वर-खाली होतो, याचे माप. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली ते मांडले आणि आज कोणत्याही चार्टवर ते एका क्लिकवर मिळते. आपल्या शेअरचा १४ दिवसांचा एटीआर १२ रुपये आहे असे धरू. तळाखाली निम्म्या एटीआरची, म्हणजे ६ रुपयांची जागा सोडली की स्टॉप ६०६ वर येतो. निम्माच एटीआर का, याला शास्त्र नाही. कोणी एक पूर्ण एटीआर सोडतो. महत्त्वाचे हे की ती जागा शेअरच्या स्वभावावरून ठरली, आपल्या भीतीवरून नाही.

खरेदी ६४०, स्टॉप ६०६, म्हणजे दर शेअरमागे जोखीम ३४ रुपये. ५,००० ला ३४ ने भागले की १४७ येतात. पण खरेदी-विक्रीवरचा एसटीटी, मुद्रांक शुल्क आणि इतर आकार मिळून साधारण २०० रुपये जातील. शिवाय स्टॉप लागतो तेव्हा विक्री ठरल्या भावाच्या रुपया-दीड रुपया खाली होऊ शकते. हे धरून १३५ शेअर घ्यायचे. ३४ च्या हिशेबाने तोटा ४,५९० रुपये, खर्च आणि घसरगुंडी धरून ४,९०० च्या आसपास. या सौद्यात ८६,४०० रुपये गुंततात, म्हणजे भांडवलाच्या सुमारे १७ टक्के. गुंतलेली रक्कम आणि जोखमीची रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

एक टक्काच का? समजा आपल्या पद्धतीने दहापैकी चार सौदे फायद्यात जातात. फायद्याचे सौदे मोठे असतील तर एवढ्यावरही पैसा मिळतो. पण अशा पद्धतीत शंभर सौद्यांमध्ये कधी ना कधी सलग सात तोटे येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त असते. दर वेळी १ टक्का गेला, तर सात तोट्यांनंतर ५ लाखांचे ४ लाख ६६ हजार उरतात आणि सुमारे ७ टक्के कमावले की मूळ रक्कम परत येते. दर वेळी १० टक्के गेले, तर उरतात २ लाख ३९ हजार. तिथून ५ लाखांवर यायला पैसे दुपटीहून जास्त करावे लागतात. दोन्हीकडे पद्धत तीच, सौदेही तेच. फरक फक्त आकाराचा.

रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी १९८३ साली अमेरिकेत नवख्या लोकांना सौदे करायला शिकवले. ते 'टर्टल' म्हणून ओळखले जातात. त्यांच्याही नियमांत सौद्याचा आकार बाजाराच्या रोजच्या हालचालीवरून ठरत असे आणि स्टॉप त्या हालचालीच्या दुप्पट अंतरावर असे. जास्त उड्या मारणाऱ्या बाजारात आकार आपोआप लहान होई.

आता चूक कुठे होते ते पाहू. आपल्याच उदाहरणात कोणी म्हणेल, स्टॉप जवळ, ६३० वर ठेवू. मग फरक फक्त १० रुपयांचा आणि ५,००० भागिले १० म्हणजे ५०० शेअर घेता येतील. कागदावर जोखीम तीच ५,००० ची. पण हा शेअर रोज सरासरी १२ रुपये हलतो. म्हणजे काहीही वाईट न घडता, एका सर्वसाधारण दिवसाच्या चढउतारातच हा स्टॉप लागू शकतो. असे होत असल्याची खूण आपल्या वहीत सापडते. स्टॉप लागल्यानंतर पुढच्या काही दिवसांत भाव आपल्याच अंदाजाच्या दिशेला गेला, असे सौदे पुन्हा पुन्हा दिसले, तर अंदाज बरोबर आणि स्टॉप फार जवळ आहे असे समजावे. उलट, स्टॉप लागल्यावर भाव आणखी खालीच जात राहिला, तर स्टॉपने आपले काम केले आणि तपासायला हवा तो अंदाज.

जवळच्या स्टॉपचा दुसरा धोका जास्त गंभीर आहे. ५०० शेअर म्हणजे ३ लाख २० हजार रुपये, भांडवलाच्या ६४ टक्के, एकाच शेअरमध्ये. २३ मार्च २०२० च्या सोमवारी निफ्टी आधीच्या शुक्रवारच्या बंद भावापेक्षा सुमारे ९ टक्के खाली उघडला, तासाभरात १० टक्क्यांचे सर्किट लागून व्यवहार ४५ मिनिटे थांबले आणि दिवसअखेर घसरण १३ टक्क्यांपर्यंत गेली. आपला शेअर ६४० वरून अशाच ९ टक्के गॅपने ५८२ च्या आसपास उघडला, तर ६३० चा स्टॉप काय आणि ६०६ चा काय, विक्री ५८२ लाच होणार. १३५ शेअर असतील तर तोटा पावणेआठ हजारांच्या जवळपास, म्हणजे दीड टक्का. ५०० असतील तर जवळजवळ २९,००० रुपये, म्हणजे पावणेसहा टक्के. म्हणून जोखमीच्या टक्क्याबरोबर दुसरी मर्यादाही लागते. भागाकार काहीही सांगो, एका शेअरमध्ये भांडवलाच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घालायची नाही, असा नियम अनेक जण पाळतात. भागाकारातून आलेली संख्या आणि या मर्यादेतून आलेली संख्या यांतली लहान असेल ती घ्यायची.

स्टॉप लॉसची ऑर्डर नेमकी काय करते, हेही माहीत हवे. विक्रीच्या साध्या स्टॉप लॉस ऑर्डरमध्ये दोन भाव भरावे लागतात. ट्रिगरचा भाव आला की ऑर्डर जागी होते आणि लिमिटचा भाव म्हणजे त्याखाली विकायचे नाही अशी अट. ट्रिगर ६०६ आणि लिमिट ६०३ टाकली आणि बाजार ५८२ ला उघडला, तर ऑर्डर जागी होईल पण ६०३ चा खरेदीदार शोधत तशीच पडून राहील. शेअर आपल्याकडेच राहतील. म्हणून ट्रिगर आणि लिमिट यांत पुरेसे अंतर ठेवावे. अशी ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. काही दिवसांच्या सौद्यासाठी ती रोज सकाळी टाकावी लागते, किंवा ब्रोकरच्या जीटीटीसारख्या सोयीने ठेवावी लागते. आणि ज्या शेअरला ५ टक्क्यांचे सर्किट आहे, तो खालच्या सर्किटला अडकला की खरेदीदारच नसतो. ऑर्डर कोणतीही असो, ती रांगेत थांबते. शेअरचे सर्किट किती टक्क्यांचे आहे, हे एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर आधीच बघता येते.

या सगळ्या हिशेबाला सर्वांत जास्त सुरुंग लागतो तो माणसाच्या हातून. भाव ६०८ वर आला की स्टॉप ५९० वर सरकवावासा वाटतो. तसे केले की १३५ शेअरवरची जोखीम ४,५९० वरून ६,७५० वर जाते, शिवाय ६१२ च्या तळावर उभा असलेला मूळ अंदाज तर मोडलेलाच असतो. त्याहून घातक म्हणजे खाली आलेल्या भावात आणखी शेअर घेऊन 'अ‍ॅव्हरेज' करणे. स्टॉप फक्त आपल्या फायद्याच्या दिशेने हलवायचा. भाव वाढत गेला की नव्या तळाखाली तो वर आणायचा, खाली कधीही नाही.

ही पद्धत तोट्याच्या अंदाजाला फायद्याचा करत नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या ९३ टक्के व्यक्तींचा तोटा झाला. या व्यवहारांत आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे लॉट. नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकांच्या नव्या कराराचे मूल्य सुरुवातीला किमान १५ लाख रुपये असावे असा नियम आहे. म्हणजे निफ्टी फ्युचरच्या एका लॉटवर, निर्देशांक १ टक्का विरुद्ध गेला की किमान १५,००० रुपयांच्या आसपास तोटा. ५ लाखांच्या खात्यासाठी तो ३ टक्के झाला. ५,००० ची मर्यादा पाळायची, तर स्टॉप निर्देशांकाच्या पाऊण-अर्धा टक्काही नाही, जेमतेम एक तृतीयांश टक्क्यावर ठेवावा लागेल आणि एवढे तर निफ्टी सकाळच्या पहिल्या तासातही हलतो. भागाकार केला की उत्तर एका लॉटपेक्षा कमी येते. अशा वेळी स्टॉप जवळ ओढून किंवा जोखमीचा टक्का वाढवून ते उत्तर एकवर आणायचे नाही. उत्तर शून्य आहे, म्हणजे या भांडवलावर हा सौदा आपला नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा.