शुक्रवारचा अहवाल: पाच ओळींचा साचा

ओळी ठरलेल्या, क्रम कायम

'झाले, पुढे, अडले' ही तीन खान्यांची पद्धत कार्यालयांत जुनीच आहे. त्यात वर 'स्थिती' आणि खाली 'हवे' जोडले की साचा पुरा होतो. अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये भरलेला साचा साधारण असा दिसेल:

- स्थिती: पिवळी
- झाले: 400 पैकी 320 ब्रॅकेट तयार
- पुढे: उरलेले 80, बुधवारपर्यंत
- अडले: डाय ग्राइंडिंगला गेली आहे, मंगळवारी परत
- हवे: पत्र्याची ऑर्डर सोमवारी दुपारी 12 पर्यंत, खरेदी विभागाकडून

रंगांचा अर्थ. हिरवा म्हणजे तारीख पाळली जाणार. पिवळा म्हणजे तारीख धोक्यात, पण टीम सांभाळेल. लाल म्हणजे वरून मदत मिळाली नाही तर तारीख चुकणार. रंगाचे नाव अक्षरांत लिहावे. नुसते रंगीत ठिपके काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये सारखेच दिसतात.

वेळ वाचतो कुठे? गेल्या आठवड्याची 'पुढे' ही ओळ आधी 'झाले'मध्ये चिकटवायची आणि तिथेच आकडे दुरुस्त करायचे. कोऱ्या चौकटीपासून सुरुवात करावी लागत नाही, आणि ठरलेले काम गुपचूप गळतही नाही.

बिघडल्याची खूण. 'काम चालू आहे' हे वाक्य. त्यात आकडा नाही, तारीख नाही. हीच ओळ सलग तीन आठवडे आली तर ती 'अडले'मध्ये हलवावी.

हजेरी आणि रोजचे उत्पादन इथे नको. त्यांची रजिस्टरे वेगळी असतात.