आवाज तोच, फाईल लहान

मागच्या महिन्यात जुलाबावरचा कार्यक्रम लागला, तेव्हा बऱ्याच जणींनी कळवलं की कार्यक्रम चुकला, तो फोनवर पाठवा. एकीने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. तिच्या बचत गटाच्या बैठकीत कोणीतरी आयफोनवर एक भाषण रेकॉर्ड केलं होतं. तिच्या स्वतःच्या फोनवर ते छान वाजतं, पण सासूबाईंच्या बटणाच्या फोनमध्ये कार्डावर घालून दिलं, तर फाईल दिसते आणि वाजत काही नाही. "फोन खराब आहे का?" असं तिचं विचारणं होतं. फोन चांगलाच आहे. आवाज ज्या पेटीत बंद केलाय ती पेटी त्या फोनला उघडता येत नाही, एवढंच.

आवाज साठवण्याच्या अशा पेट्या पुष्कळ आहेत. आयफोनचं रेकॉर्डर `.m4a` नावाची फाईल बनवतं. अँड्रॉइडमध्ये कंपनीप्रमाणे `.m4a`, `.aac`, `.3gp`, `.amr` असं काहीही सापडतं. व्हॉट्सॅपवर माईक दाबून बोललेला निरोप `.opus` असतो. आणि आम्ही केंद्रावर ज्या हातातल्या रेकॉर्डरने मुलाखती घेतो, तो `.wav` बनवतो. या सगळ्यांत एक पेटी अशी आहे, जी तीस वर्षांच्या सरावाने जवळजवळ प्रत्येक यंत्राला उघडता येते. ती म्हणजे एमपीथ्री. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत तिच्यावर बरंच काम झालं, १९९५ मध्ये तिला `.mp3` हे शेपूट मिळालं, आणि २०१७ मध्ये तिचे परवाने देणंही बंद झालं. त्यामुळे आता कोणीही ती फुकट वापरू शकतं. बटणाचा फोन, रिक्षातला पेन ड्राइव्हवाला टेप, अंगणवाडीतला स्पीकर, सगळीकडे ती चालते. तिच्याहून चांगल्या पेट्या नंतर आल्या, हे खरं. पण सासूबाईंच्या फोनला त्यातली एकही ओळखत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती फार जणी करून बघतात. फाईलचं नाव बदलून शेवटी `.mp3` लिहिलं, म्हणजे ती एमपीथ्री होत नाही. मिठाच्या बरणीवर साखरेची चिठ्ठी लावल्यासारखं ते आहे. आतला माल संगणकाकडून खरोखर बदलून घ्यावा लागतो.

आता वजनाचं बघू. जुलाबाचा कार्यक्रम बारा मिनिटांचा होता. निवृत्त परिचारिका असलेल्या एका ताईंनी त्यात घरी जलसंजीवनी कशी करायची ते सांगितलं. रेकॉर्डरमधून निघालेली `.wav` फाईल सुमारे सव्वाशे एमबीची होती. एवढी मोठी का? तर `.wav` मध्ये काहीच गाळलेलं नसतं. एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलं जातं, तेही डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळं. मिनिटाला साधारण दहा एमबी असा तो हिशोब बसतो. ज्या बाईचा फोन आधीच फोटोंनी भरलाय आणि नेट टेकडीवर गेल्यावरच मिळतं, ती सव्वाशे एमबी कशी उतरवून घेईल?

हे वजन दोन ठिकाणी उतरतं.

पहिलं म्हणजे दोन कानांचा एक करायचा. बोलणारी बाई एकच, माईक एकच, आणि ऐकणारीच्या फोनला भोंगाही बहुतेक एकच. मग डावं-उजवं वेगळं ठेवून मिळतं काय? याला मोनो म्हणतात, आणि न दाबलेल्या फाईलचं वजन इथेच निम्मं होतं. इथे एक बघून घ्या. कॉलरला लावायचा माईक वापरला असेल, तर कधी कधी आवाज फक्त डाव्या बाजूला उमटलेला असतो आणि उजवी बाजू कोरी असते. अशा वेळी दोन्ही बाजू मिसळल्या, की निम्मा आवाज आणि निम्मी शांतता मिसळली जाऊन बोलणं बारीक होतं. त्यापेक्षा दोन बाजू वेगळ्या करून कोरी बाजू काढून टाकावी.

दुसरं म्हणजे दाबणं. एमपीथ्री करताना संगणक कानाला सहसा जाणवत नाहीत ते बारकावे गाळतो. किती गाळायचं ते आपण एका आकड्याने सांगतो, त्याला बिटरेट म्हणतात. तोंडी हिशोब सोपा आहे. तो आकडा आठने भागा, की दर सेकंदाला किती केबी लागतील ते कळतं. ६४ धरलं तर सेकंदाला ८ केबी, म्हणजे मिनिटाला ४८०, साधारण अर्धा एमबी. आमचा बारा मिनिटांचा कार्यक्रम असा पावणेसहा एमबीत बसला. १२८ धरलं असतं तर साडेअकरा, आणि ३२ धरलं असतं तर तीनच्या आत.

मग ३२ च का धरू नये? आम्ही दोन्ही करून ऐकल्या. कार्यक्रमातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं, "एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ." फार दाबलं, की आधी बिघडतात ती स, श, छ, च ही अक्षरं, कारण त्यांची धार आवाजाच्या वरच्या पट्टीत असते आणि गाळणी तिथूनच सुरू होते. ३२ वर ताईंचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला, आणि "सहा" मधला "स" इतका पुसट झाला की मुद्दाम कान देऊन ऐकावं लागलं. आजारी लेकराला मांडीवर घेऊन, शेजारी टीव्ही चालू असताना ऐकणाऱ्या बाईला तो "दहा" वाटला तर? साखर जास्त झाली की जुलाब वाढतात, आणि मीठ जास्त होणं तर त्याहून वाईट. तीन एमबी वाचवण्यासाठी एवढी जोखीम घेऊ नये. निव्वळ बोलण्याला मोनो आणि ६४, हे आमचं ठरलेलं माप आहे. जात्यावरच्या ओव्या किंवा भजन असेल तर ९६ घेतो, कारण टाळ आणि सुरांचा लांबलेला शेवट ६४ वर खरखरतो.

कितीही दाबलं तरी आवाज स्वच्छ राहावा असं वाटत असेल, तर त्याची तयारी रेकॉर्डिंगच्या वेळीच करावी लागते. पंख्याची घरघर आणि पाऊस या आवाजांना ठरलेला आकार नसतो, त्यामुळे ते दाबायला अवघड जातात. संगणकाची अर्धी ताकद पंखा नीट साठवण्यातच जाते आणि बाईच्या आवाजाला उरते थोडी. म्हणून पाच मिनिटं उकडलं तरी चालेल, पण पंखा बंद.

आता प्रत्यक्ष कृती. संगणकावर ऑड्यासिटी नावाचा मोफत प्रोग्राम घ्या. त्यात `.wav` फाईल उघडा. सुरुवातीचं खाकरणं आणि शेवटचं "झालं का?" कापून टाका. मग `Tracks` मध्ये `Mix` आणि त्यात `Mix Stereo Down to Mono` निवडा. एकाच बाजूला आवाज असेल तर हे न करता पट्टीच्या नावावर टिचकी मारून `Split Stereo to Mono` घ्या आणि कोरी पट्टी काढा. त्यानंतर सगळं निवडून `Effect` मधलं `Normalize` लावा आणि आकडा −1 ठेवा, म्हणजे बारीक आवाज फुटणार नाही इतपत मोठा होतो. शेवटी `File` मधून `Export Audio` घ्या. तिथे प्रकार MP3, चॅनल `Mono`, सॅम्पल रेट 44100 Hz, बिटरेटची पद्धत `Constant` आणि आकडा 64 kbps असं भरा. आवृत्तीप्रमाणे या शब्दांची जागा थोडी इकडेतिकडे होते, पण शब्द हेच असतात. `Constant` मुद्दाम सांगतोय. दुसऱ्या पद्धतीत बिटरेट सतत बदलतो, आणि काही जुने फोन त्यावर कार्यक्रमाची लांबी चुकीची दाखवतात. मग बाईला वाटतं की अर्धाच कार्यक्रम आला. आयफोनची `.m4a` फाईल ऑड्यासिटीत उघडायला एफएफएमपेग नावाची जोड लागते, तीही मोफतच आहे.

ज्या मुलींना काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करायची सवय आहे, त्यांना हेच काम एका ओळीत होतं. रेडिओवर ही ओळ वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे छापली आहे:

```
ffmpeg -i julab.wav -ac 1 -ar 44100 -b:a 64k julab.mp3
```

यात `-ac 1` म्हणजे एकच कान, आणि `64k` हा आपला बिटरेट. सुरुवातीच्या नावाच्या जागी `.m4a` किंवा `.opus` फाईलचं नाव टाकलं तरी चालतं.

नाव देताना आम्ही इंग्रजी अक्षरांत, छोटं आणि मध्ये जागा न सोडता देतो, उदाहरणार्थ `julab-01.mp3`. मराठीत लिहिलेल्या नावाच्या जागी बऱ्याच बटणाच्या फोनवर नुसते चौकोन दिसतात, आणि वीस चौकोनांतून जुलाबाचा कार्यक्रम कोणता हे कसं शोधणार?

पाठवताना व्हॉट्सॅपवर बराच काळ ऑडिओला १६ एमबीची मर्यादा होती. २०२२ पासून डॉक्युमेंट म्हणून दोन जीबीपर्यंतची फाईल जाते. पण जाते म्हणून पाठवावीच असं नाही. घेणारीला उतरवायच्या बाणाजवळ आकडा दिसतो, आणि तो मोठा दिसला की ती ते नंतरवर टाकते. आम्ही एक फाईल सहा एमबीच्या वर जाऊ देत नाही. कार्यक्रम लांब असेल तर बिटरेट उतरवण्याऐवजी त्याचे दोन भाग करतो.

गटात टाकण्याआधी ती फाईल आम्ही केंद्रातल्या सगळ्यात स्वस्त बटणाच्या फोनवर, इयरफोन न लावता, दाराबाहेर रस्त्याच्या आवाजात ऐकतो. संपूर्ण नव्हे, फक्त आकडे, औषधांची नावं आणि फोन नंबर असलेली वाक्यं. ऐकणारीने कार्यक्रम आधी ऐकलेला नसावा, कारण जिला "सहा" माहीत आहे तिला "सहा"च ऐकू येतं. तिने ऐकलेले आकडे कागदावर लिहायचे. एकही चुकला तर ९६ वर पुन्हा फाईल करायची.

पुन्हा करायची म्हणजे मूळ `.wav` वरून, लहान केलेल्या एमपीथ्रीवरून नव्हे. एकदा चाळलेलं पीठ पुन्हा चाळलं तर आणखी कोंडा जातो, पण गेलेला परत येत नाही. लहान एमपीथ्रीची पुन्हा `.wav` बनवता येते, ती वजनानेही मोठी होते, पण आवाज तेवढाच खराब राहतो. म्हणून व्हॉट्सॅपवर आलेली फाईल कोणी "केंद्रावर लावा" म्हणून आणली, तर आम्ही आधी विचारतो की ज्या फोनवर रेकॉर्ड केलं तो कोणाकडे आहे, आणि फाईल त्याच फोनवरून केबलने घेतो. मूळ फाईल आम्ही संगणकावर ठेवतो आणि एका वेगळ्या डिस्कवरही. ती डिस्क केंद्रात नसते, आमच्यापैकी एकीच्या घरी कपाटात असते.