कार्ल्याचे खांब आणि मधली माणसं

रविवारी कार्ल्याच्या चैत्यगृहात माणसांशिवाय फोटो मिळणं जवळपास अशक्य आहे. एकवीरा आईचं देऊळ लेण्याच्या अगदी दारात असल्याने दर्शन झालेली मंडळी आपसूक आत येतात, खांबांना पाठ लावून उभी राहतात आणि एकमेकांचे फोटो काढतात. घरी येऊन आपण फोटो उघडतो, फोनमधल्या किंवा फोटोशॉपमधल्या ‘माणूस काढा’च्या बटणावर बोट ठेवतो आणि माणूस जातोही. पण त्याच्या जागी खांबाचा कुंभ वितळल्यासारखा होतो, एक पायरी कमी होते, नाहीतर दोन खांबांमधला काळोख शेजारच्या दगडात झिरपतो.

गवतावरचा किंवा आकाशापुढचा माणूस याच बटणाने सहज पुसला जातो. गवताला ठरावीक क्रम नसतो, त्यामुळे भरलेली जागा चुकली तरी कुणाला कळत नाही. कार्ल्यात दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार खांब आणि स्तूपामागे सात साधे अष्टकोनी खांब आहेत. पहिले तीन पाहिले की चौथा कसा असणार हे डोळ्याला आधीच माहीत असतं. सरळ रेषेतला अगदी बारीक खंडही आपल्याला जाणवतो. अशा रांगेत दोन-तीन पिक्सेलची चूकसुद्धा दिसते. ही स्वयंचलित साधनं मुख्यतः आजूबाजूचा पोत बघतात. रांग किती अंतराने पुढे सरकते आणि दूर जाताना किती लहान होते, हा हिशेब ती नेमका ठेवतीलच असं नाही. तो आपणच मांडावा लागतो.

शक्य असेल तर हा प्रश्न जागेवरच सोडवावा, कारण खऱ्या दगडाइतकं चांगलं ठिगळ कुठलंच नाही. एकाच जागी उभं राहून वीस-वीस सेकंदांनी पंधरा फोटो घ्या. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने ठरवून कुलूपबंद ठेवा. नंतर संगणक प्रत्येक बिंदूच्या पंधरा किमती चढत्या क्रमाने लावून मधली उचलतो. निम्म्याहून अधिक फोटोंत त्या जागी दगड दिसत असेल, तर माणसाची किंमत टोकाला पडते आणि गळून जाते. फोटोशॉपमध्ये हे File > Scripts > Statistics मध्ये Median निवडून होतं. चौकटी आपोआप जुळवून घेण्याचा पर्यायही तिथेच आहे. फुकटातल्या इमेजमॅजिकला एवढंच सांगावं लागतं:

```
magick *.jpg -evaluate-sequence median out.jpg
```

ही आज्ञा चौकटी जुळवत नाही, म्हणून कॅमेरा स्थिर हवा. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे बहुतेकांचे फोटो हातावरचेच असतात. हात थोडा वळला तर सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. पण पाऊलभर बाजूला सरकलात तर जवळचा खांब मागच्या खांबावरून सरकतो आणि कुठल्याही जुळवणीने तो परत येत नाही. मग खांबांना दुहेरी कडा येतात. अशा वेळी सगळे फोटो एकत्र करण्याचा हट्ट सोडावा. एक चांगला फोटो पाया धरावा, दुसऱ्यातला फक्त हवा तेवढा तुकडा वर ठेवावा आणि मास्कने बाकीचं झाकावं. लहान तुकडा त्या जागेपुरता जुळवणं सोपं जातं. सेल्फी घेणारा घोळका सगळ्या पंधरा फोटोंत जागचा हलला नसेल, तर मात्र मीडियनही त्याला जसाच्या तसा ठेवतो.

पण हाती एकच फोटो असेल तर? समजा, दाराशी मधोमध उभं राहून स्तूपाकडे बघत घेतलेला फोटो आहे. डाव्या रांगेत चौथ्या खांबापुढे लाल ओढणीतली एक बाई उभी आहे. आधी तिने नेमकं काय झाकलंय ते बघावं. गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावरचे स्वार खांबांच्या माथ्यावर, माणसाच्या डोक्याच्या बरेच वर आहेत. ते मोकळेच दिसतात. झाकलेला असतो तो खालचा भाग: पायऱ्यांची बैठक, तिच्यावरचा कुंभ, अष्टकोनी दांड्याचा तळ आणि बाजूच्या फटीतून दिसणारा मागच्या वाटेचा अंधार. म्हणजे शिल्प नव्याने रचायची वेळ येत नाही. साधी घडण आणायची आहे आणि ती रांगेत आधीपासून आहे.

ती आणायची कुठून? हात आपोआप शेजारच्या तिसऱ्या खांबाकडे जातो, पण मी आधी समोरच्या रांगेतला चौथा खांब बघतो. कॅमेरा मध्यरेषेवर असेल तर तो तितक्याच अंतरावर असतो, तितकाच मोठा दिसतो आणि तितक्याच तिरक्या कोनातून दिसतो, फक्त आरशातल्यासारखा उलटा. तो तुकडा नव्या लेयरवर घ्यायचा, Edit > Transform > Flip Horizontal ने उलटवायचा आणि जागेवर ठेवायचा. मोठं-लहान करावं लागत नाही, म्हणून दगडाचा कणही मूळचाच राहतो. लेण्यातला मुख्य उजेड मागच्या मोठ्या कमानी खिडकीतून, म्हणजे याच मध्यरेषेवरून येतो, त्यामुळे सावल्याही बऱ्याच जुळतात. एक बाजू थोडी उजळ असेल तर त्याच लेयरला जोडलेला Curves पुरतो.

समोरचा खांबही माणसाने झाकलेला असेल, तेव्हा शेजारच्याकडे यावं लागतं आणि तिथे माप मोजावं लागतं. आपल्या फोटोत तिसऱ्या खांबाची बैठक कुंभासकट ३१२ पिक्सेल भरते आणि पाचव्याची २२३. चौथ्याची किती? दोहोंची सरासरी २६७.५ येते, पण ती चूक आहे. वस्तू दुप्पट दूर गेली की निम्मी दिसते, म्हणून सारख्या अंतरावरच्या खांबांची उंची समान टप्प्यांनी घटत नाही. उंचीचा व्यस्त समान टप्प्यांनी वाढतो. दोन्ही उंचींचा गुणाकार करून दुप्पट करा आणि बेरजेने भागा: उत्तर २६० येतं. साधारण सात पिक्सेलचा हा फरक रांगेत एक खांब फुगल्यासारखा दाखवायला पुरतो. म्हणजे तिसऱ्याचा तुकडा ८३ टक्क्यांवर आणायचा. पाचव्या जागेसाठी चौथ्याचा तुकडा घ्याल तर तो साधारण ८६ टक्क्यांवर लागेल. एकच टक्केवारी सगळ्या रांगेला चालत नाही. क्लोन स्टॅम्पने काम करत असाल तर Window > Clone Source मधल्या W आणि H मध्ये हाच आकडा भरा.

लेण्यातले खांब हाताने कोरलेले आहेत, ते यंत्रासारखे सारखे नाहीत. म्हणून गणिताचं उत्तर डोळ्याने तपासावं. सगळ्या कुंभांच्या काठांवरून एक आणि बैठकांच्या तळावरून एक अशा दोन रेषा वेगळ्या लेयरवर ओढा. आणलेला तुकडा दोन्हींना टेकला की माप बसलं. तुकडा नेहमी जवळच्या खांबाचा घेऊन लहान करावा. दूरचा मोठा केला की तो मऊ, धुरकट दिसतो. लहान केलेल्याचा दाणा थोडा गुळगुळीत होतो, त्यावर Add Noise चा हलका हात फिरवला की तो आजूबाजूच्या दगडाशी मिळतो. दोन-तीन खांब सोडून पलीकडचा मात्र घेऊ नये. माप बसलं तरी कोन बसत नाही. कुंभाची जी बाजू तिथून दिसायलाच नको ती दिसू लागते.

कामाचा क्रम मागून पुढे असा ठेवावा. आधी फटीतला अंधार, मग खांब, मग जमीन. अंधार भरताना तो खांबाच्या कडेच्या थोडा आत शिरू द्यावा, म्हणजे वर ठेवलेल्या खांबाची कड खऱ्यासारखी कापली जाते. मास्कची कड फोटोतल्या इतर कडांइतकीच मऊ ठेवावी. कड ओलांडून हीलिंग ब्रश फिरवू नये, तो दोन्ही बाजूंचे रंग मिसळतो आणि वर सांगितलेला झिरपा तिथूनच येतो.

खांब बसला की दोन गोष्टी राहतात. पहिली म्हणजे जुळे डाग. समोरच्या कुंभावर टवका उडालेला असेल तर आता तोच टवका उलटा होऊन डावीकडेही आलेला असतो, आणि एकदा दिसला की नजर तिथेच अडकते. रांगेतल्या दुसऱ्याच कुठल्या दगडाचा साधा पोत घेऊन तो मोडावा. दुसरी गोष्ट जमिनीवर असते. बाई गेली तरी तिच्या पायाशी सावली राहते आणि ओढणीची लालसर झाक शेजारच्या दगडावर उरते. सावली जमिनीच्या त्याच पट्ट्यातल्या तुकड्याने झाकावी. झाकेसाठी Color ब्लेंड मोडच्या रिकाम्या लेयरवर शेजारच्या दगडाचा रंग हलकेच फिरवावा.

विटांच्या भिंतीला, उदाहरणार्थ शनिवारवाड्याच्या दगडी पायावरच्या वीटकामाला, वेगळी वाट आहे. भिंत सपाट असते, म्हणून तिथे Filter > Vanishing Point उत्तम चालतं. भिंतीच्या चार कोपऱ्यांवर जाळी बसवली आणि ती निळी झाली की आतला स्टॅम्प तुकडा आपोआप लहान करत नेतो. जाळी लाल किंवा पिवळी असेल तर कोपरे चुकलेत. नमुना विटेच्या मधून उचलू नये, आडवी आणि उभी दर्ज जिथे मिळते त्या बिंदूवरून उचलावा आणि तशाच बिंदूवर टेकवावा. गवंडी सांधेमोड करतात, म्हणजे लागोपाठच्या थरांत उभी दर्ज एकाखाली एक येऊ देत नाहीत. एक थर चुकून वर-खाली सरकलात तर उभ्या दर्जा एका रेषेत येतात आणि भिंत खोटी वाटते. तुकडा वेगळ्या लेयरवर असेल तर तो जुळेपर्यंत मोड Difference वर ठेवावा. खालच्या उघड्या विटांशी दर्जा जुळल्या की तिथलं चित्र काळवंडतं. मग मोड पुन्हा Normal करावा.

शेवटची तपासणी चित्र आडवं उलटवून करावी. तासभर बघून सरावलेल्या डोळ्यांना उलट्या चित्रात तुटलेली रेषा चटकन सापडते. त्यावर तीव्र Curves ची तात्पुरती लेयर ठेवली की उजेडातले न दिसणारे फरक आणि विसरलेल्या सावल्या वर येतात. एकदा संपूर्ण चित्र लहान करून बघावं, रांगेचा ताल मोडलाय का ते तिथेच कळतं.

कार्ल्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. इथल्या कित्येक खांबांवर दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लेख आहेत. धेनुकाकट गावचे लोक, स्वतःला यवन म्हणवणारे दाते, यांची नावं कोणत्या खांबावर आहेत ते ठरलेलं आहे. शेजारचा दांडा उचलून बसवला तर एका माणसाचं दान दोन खांबांवर चढतं, आणि समोरचा उलटवून बसवला तर अक्षरंच उलटी होतात. त्यामुळे तुकडा उचलण्याआधी मी तो भाग पूर्ण मोठा करून अक्षरं आहेत का ते बघतो. नमुन्यात लेख असेल तर दुसरा खांब शोधतो. झाकलेल्या जागीच लेख असेल आणि तो दाखवणारी दुसरी चौकट हाती नसेल, तर त्या खांबापुढचा माणूस मी तसाच राहू देतो. फोटो छापायला देताना कोणते खांब दुरुस्त केले ते एका ओळीत लिहितो, कारण लेण्यांचे फोटो अभ्यासकही वापरतात आणि चौथ्या खांबाचा तळ समोरच्या खांबाचा आहे हे त्यांना माहीत असायला हवं.