नेटवर्क सॉकेटची तारजोडणी : 'ए' आणि 'बी'

भिंतीवरील नेटवर्क सॉकेटच्या पाठीमागे आठ खाचा असतात. पंचिंग टूलने तार दाबली असता खाचेतील धातूची पाती वेष्टन छेदून तांब्यास भिडतात. शेजारी 'ए' व 'बी' हे दोन रंगक्रम छापलेले असतात. त्यांत भेद एवढाच की, हिरव्या व नारिंगी जोड्यांची अदलाबदल होते. गुणाने दोन्ही समानच. परंतु एका टोकास 'ए' व दुसऱ्यास 'बी' योजल्यास केबल-टेस्टरवर १ समोर ३ आणि २ समोर ६ क्रमांकाचा दिवा लागतो. आजची बहुतेक यंत्रे हा व्यत्यास आपोआप सावरून घेतात, आणि म्हणूनच दोष दडून राहतो. दोन्ही टोकांना ही सोय नसलेली जुनी यंत्रे जोडली, की संपर्कच जुळेनासा होऊ शकतो. यास्तव नवा सॉकेट बसविण्यापूर्वी जुना उघडून त्यातील तारा कोणत्या खुणेशी जुळतात ते पाहावे, व पॅच पॅनेलसह सर्वत्र तोच क्रम पाळावा.